‘एवढंच तर करायचंय!’
ठरलेल्या रकमेत सॉफ्टवेअरचं काम घेतलं, की मागण्या एकेक करून वाढत जातात. त्या लिहून, मोजून आणि मग कबूल करण्याची पद्धत कशी बसवायची? एका कोचिंग क्लासच्या कामाच्या उदाहरणातून समजून घेऊ.

‘अरे, पावतीवरचा लोगो जरा मोठा कर ना.’ ‘सख्खी भावंडं असतील तर फीमध्ये सवलत द्यायचीय, तेवढं टाकशील?’ ‘आपण दुसरी शाखा सुरू करतोय. फक्त एक ड्रॉपडाऊन लागेल.’

कॉलेजात असताना किंवा नुकतंच कॉलेज संपल्यावर ज्यांनी कोणाला वेबसाइट किंवा अॅप करून दिलंय, त्यांच्या व्हॉट्सअॅपवर असे मेसेज नक्की सापडतील. यातली एकही मागणी चुकीची नसते. मागणारा माणूसही बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण काम ठरलेल्या रकमेत घेतलेलं असतं, आणि अशा पंचवीस-तीस ‘एवढंच तर’ची बेरीज कोणीच करत नाही. कामाची हद्द अशी न कळत सरकत जाते, त्याला या धंद्यात ‘स्कोप क्रीप’ म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणजे ‘चेंज रिक्वेस्ट’ची, म्हणजे बदलाच्या मागणीची, ठरलेली पद्धत. कंपनीत नोकरीला लागलात तर ती तयार मिळते. स्वतः काम घेतलंत तर ती स्वतः बसवावी लागते, आणि तीही पहिल्या दिवशी.

आधी हिशेब

समजा, कोल्हापुरातल्या एका कोचिंग क्लाससाठी शेवटच्या वर्षाला असलेल्या तिघांनी काम घेतलं. प्रवेशाची नोंद, फीचे हप्ते आणि पावत्या, हजेरी, पालकांना एसएमएस आणि चाचण्यांचे गुण. रक्कम १,८०,००० रुपये, मुदत १२ आठवडे. कॉलेज सांभाळून प्रत्येक जण रोज अर्धा दिवस देणार. म्हणजे तिघांचे मिळून आठवड्याला साडेसात दिवस, आणि १२ आठवड्यांत ९० दिवसांचं काम. एका माणसाच्या एका दिवसाचे पडले २,००० रुपये.

आता मागण्या वाढून ३० दिवसांचं काम जादा झालं असं धरा. रक्कम तीच, दिवस १२०. रोजचा दर २,००० वरून १,५०० वर आला. पैशांपेक्षा मोठा फटका कॅलेंडरला बसतो. रोज दीड दिवसाचं काम होत असेल, तर ३० दिवसांच्या कामाला २० कामाचे दिवस, म्हणजे चार आठवडे जादा लागतात. ते चार आठवडे नेमके सेमिस्टरच्या परीक्षेत जातात.

दर तासाने किंवा महिन्याने पैसे मिळणाऱ्या कामात मागणी वाढली, की बिल आपोआप वाढतं आणि गिऱ्हाईक आपणहून विचार करतं. ठरलेल्या रकमेच्या कामात हा ब्रेकच नसतो. मागणाऱ्याला प्रत्येक मागणी फुकट दिसते, कारण तिची किंमत त्याला कोणी दाखवलेलीच नसते. चेंज रिक्वेस्टची पद्धत ही किंमत काम सुरू होण्याआधी त्याच्यासमोर ठेवते. निर्णय त्यानेच घ्यायचा असतो.

हद्द आखल्याशिवाय अतिक्रमण कळत नाही

एखादी गोष्ट ‘बदल’ आहे असं म्हणायचं, तर मूळ काय ठरलं होतं ते कागदावर हवं. या मूळ कागदाला ‘बेसलाइन’ म्हणतात. त्यावर तारीख, आवृत्ती १.० असा क्रमांक आणि दोघांची सही हवी.

बरेच जण इथेच फसतात. कागदावर लिहितात, ‘रिपोर्ट्सची सोय असेल.’ किती रिपोर्ट? कोणते? यावर पुढे दोन्ही बाजू खऱ्या ठरतात आणि भांडण मिटत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘चार रिपोर्ट: रोजची फी वसुली, थकबाकीची यादी, महिन्याची हजेरी, बॅचनुसार विद्यार्थी. प्रत्येकाचा नमुना सोबत जोडला आहे.’ नमुना कागदावर हाताने काढलेला असला तरी चालतो.

दुसरी यादी याहून महत्त्वाची, आणि तीच सहसा राहून जाते. ‘या कामात काय नाही?’ आपल्या उदाहरणात ती अशी असेल: मोबाइल अॅप नाही, ऑनलाइन फी भरणा नाही, एकापेक्षा जास्त शाखा नाहीत, जुन्या वह्यांमधली माहिती भरून देणं नाही. ही यादी लिहिताना समोरचा म्हणतो, ‘अरे, पण ऑनलाइन फी तर मला हवी होती!’ तेव्हाच ते बोललेलं बरं. काम सुरू व्हायच्या आधी ती वाटाघाट असते, आठव्या आठवड्यात तोच वाद होतो.

याच करारात तीन गोष्टी आणखी घाला. एक, बदलाच्या कामाचा दर आधीच लिहा: माणशी दिवसाला २,००० रुपये. काम अर्ध्यावर आल्यावर दर ठरवायला बसलात, तर समोरच्याला वाटतं की आता आपण अडकलोय आणि ही मुलं फायदा घेतायत. काही कंपन्या स्वस्तात काम घेऊन बदलांच्या बिलात पैसे काढतात, त्यामुळे ही भीती अगदीच खोटी नसते. दर आधीच ठरला की ती भीती जाते.

दोन, छोट्या मागण्यांसाठी थोडी शिल्लक ठेवा. ९० दिवसांतले चार दिवस, म्हणजे ३२ तास, त्यासाठीच धरलेत असं स्पष्ट लिहा. दोन तासांच्या आतली मागणी या शिलकीतून होईल आणि तिचे पैसे लागणार नाहीत. लोगो मोठा करण्यासाठी फॉर्म भरायला लावलात, तर पद्धत दुसऱ्या आठवड्यातच मरते. पण फुकटची मागणीसुद्धा नोंदवायची: ‘लोगो मोठा केला, अर्धा तास, शिल्लक साडेएकतीस तास.’ शिल्लक कमी होताना दिसली, की समोरचा माणूस आपणच म्हणतो, ‘राहू दे, हे एवढं गरजेचं नाही.’

तीन, एक वाक्य: ‘मूळ कामातला किंवा किमतीतला कोणताही बदल दोन्ही बाजूंच्या लेखी संमतीनंतरच लागू होईल.’ भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६२ नुसार दोन्ही पक्ष सहमत असतील तर करारात बदल करता येतो. सहमती दोघांची लागते. आणि ती स्टॅम्पपेपरवरच हवी असं इथे नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम १०अ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्याच कारणाने तो अमान्य ठरत नाही. त्यामुळे ‘CR-07 मंजूर, रक्कम आणि नवी तारीख मान्य’ असा ईमेलही कामाचा आहे. फोनवरचं ‘हो हो, कर’ मात्र पुढे सिद्ध करता येत नाही.

एकच दार

आता मागणी आली. ती कुठून यावी? दोन्हीकडून एकेकच माणूस. क्लासच्या बाजूने क्लास चालवणारे सर, तुमच्या बाजूने तिघांतला एक जण. ऑफिसमधल्या क्लार्क ताईंना काही हवं असेल तर त्यांनी सरांना सांगायचं. तुमच्यातल्या प्रोग्रामरला सर चहाच्या टपरीवर भेटले आणि काही म्हणाले, तर त्याने नाही म्हणायचं नाही आणि होही म्हणायचं नाही. ‘सर, चांगली कल्पना आहे. मी रजिस्टरला नोंद करून घेतो, परवापर्यंत तुम्हाला कळवतो.’ एवढंच.

रजिस्टर म्हणजे दोघांनाही दिसणारी एक साधी शीट. क्रमांक, तारीख, कोणी मागितलं, काय मागितलं, कशासाठी, आमचा अंदाज, निर्णय, निर्णयाची तारीख. ‘कशासाठी’ हा रकाना कधी गाळू नका, त्याचं कारण पुढे येईलच.

नोंद झाल्यावर दोन कामाच्या दिवसांत ठरवायचं, की हा दोष आहे, खुलासा आहे की बदल. कसोटी साधी आहे. बेसलाइनमध्ये लिहिलंय आणि तसं चालत नाही, तर तो दोष. तो दुरुस्त करणं तुमचं काम, फुकट आणि लवकर. बेसलाइनमध्ये लिहिलंच नाही, तर तो बदल. लिहिलंय पण वाक्याचे दोन अर्थ निघतात, तर तो खुलासा. इथे कागद तुम्ही लिहिलाय, तेव्हा संशयाचा फायदा समोरच्याला द्या. काम मोठं असेल तर खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्या. थकबाकीच्या रिपोर्टमध्ये पैसे भरलेल्या मुलाचं नाव दिसत असेल, तर तो दोष आहे. त्यालाही ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणून बिल लावलंत, की पुढच्या खऱ्या बदलांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

ड्रॉपडाऊनच्या पोटात काय असतं

आता ती शाखेची मागणी घेऊ. पाचवा आठवडा चालू आहे. सर म्हणतात, ‘फक्त एक ड्रॉपडाऊन तर टाकायचाय. शाखा निवडली की झालं!’

सरांना पडद्यावर जे दिसेल, तेवढंच काम वाटतं. त्यात त्यांचा दोष नाही. आतून काय काय हलतं ते सांगणं हे तुमचं काम आहे. विद्यार्थी, बॅच आणि पावती, तिन्ही ठिकाणी शाखेची नोंद लागणार, आणि आधी भरलेल्या सगळ्या नोंदींना शाखा द्यावी लागणार: दीड दिवस. प्रवेश, फी आणि हजेरीच्या पडद्यांवर शाखा दाखवायची: दीड दिवस. एका शाखेच्या क्लार्कला दुसऱ्या शाखेची वसुली दिसता कामा नये, म्हणून लॉगिनचे अधिकार वेगळे करायचे: दोन दिवस. दोन्ही शाखांच्या पावत्यांचे क्रमांक वेगळे चालवायचे, आणि एकाच वेळी दोघांनी पावती काढली तरी क्रमांक दोनदा येता कामा नये: एक दिवस. चारही रिपोर्ट शाखेनुसार: दीड दिवस. मग या सगळ्यामुळे आधी चालणारं काही बिघडलं नाही ना, हे पुन्हा तपासायचं: दोन दिवस. वापराची माहितीपत्रिका बदलून क्लार्क ताईंना दाखवायचं: अर्धा दिवस. बेरीज दहा दिवस, म्हणजे २०,००० रुपये.

नवखी टीम अंदाज काढताना शेवटच्या दोन ओळी विसरते. कोड लिहायला लागणारा वेळ मोजते आणि पुन्हा तपासण्याचा वेळ सोडून देते. बदल जितका उशिरा येतो, तितकं तयार झालेलं काम जास्त असतं आणि पुन्हा तपासायचंही जास्त असतं. हाच बदल पहिल्या आठवड्यात आला असता, तर जुन्या नोंदी नसत्या, तयार पडदे नसते आणि चार-पाच दिवसांत भागलं असतं. म्हणूनच अंदाजावर मुदत लिहायची: ‘हा अंदाज सात दिवसांसाठी लागू.’ महिन्याने सर म्हणाले, ‘ते शाखेचं करून टाका, २०,००० चालतील,’ तर आकडा पुन्हा काढावा लागेल.

तारखेचा हिशेब वेगळा मांडा. रोज दीड दिवसाचं काम होतं, तर दहा दिवसांच्या कामाला निदान सात कामाचे दिवस लागतात. पण अधिकारांचं काम झाल्याशिवाय रिपोर्टचं सुरू होत नाही, तिघंही एकाच वेळी त्यावर बसू शकत नाहीत. म्हणून नऊ कामाचे दिवस लिहा. काही बदलांत पैसे जवळजवळ नसतात आणि वेळ मात्र जातो. पालकांना जाणाऱ्या एसएमएसचा मजकूर बदलायचा म्हटलं, तर तुमचं काम दहा मिनिटांचं. पण ट्रायच्या नियमांनुसार अशा एसएमएसचे नमुने टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी प्लॅटफॉर्मवर आधी मंजूर करून घ्यावे लागतात. मजकूर बदलला, की मंजुरी पुन्हा. ती कधी येईल हे तुमच्या हातात नाही, आणि फॉर्मवर तसंच लिहायला हवं.

हा अंदाज काढण्यातही वेळ जातो. दोन तासांपर्यंतचा अंदाज फुकट, त्याहून मोठ्या मागणीच्या अभ्यासाचे पैसे आधी सांगून, असा नियम ठेवला की उगाच दहा-दहा अंदाज मागितले जात नाहीत.

‘कशासाठी?’ हा खरा प्रश्न

दहा दिवस आणि २०,००० रुपये ऐकून सरांचा चेहरा उतरतो. बरेच जण इथे घाबरून म्हणतात, ‘बरं सर, करतो आम्ही.’ थांबा. आता रजिस्टरमधला ‘कशासाठी’चा रकाना वाचा. सरांना विचारलं तर ते म्हणतात, ‘रोज रात्री कुठल्या शाखेत किती पैसे जमले, ते मला घरी बसून कळायला हवं.’

एवढंच हवं असेल, तर आणखी एक वाट आहे. बॅचच्या नावातच शाखा घालायची: ‘शाहूपुरी – सकाळ’, ‘राजारामपुरी – संध्याकाळ’. आणि बॅचनुसार रोजच्या वसुलीचा एक नवा रिपोर्ट द्यायचा. दोन दिवसांचं काम, ४,००० रुपये. मात्र यात काय नाही, तेही तितकंच स्पष्ट सांगायचं: पावत्यांचे क्रमांक दोन्ही शाखांना एकत्रच चालतील, आणि एका शाखेच्या क्लार्कला दुसरीची माहिती दिसेल.

आता सरांसमोर चार पर्याय आहेत. पूर्ण बदल: २०,००० रुपये आणि नऊ कामाचे दिवस उशीर. छोटा बदल: ४,००० रुपये आणि दोन दिवस. अदलाबदल: चाचणीच्या गुणांचा भाग मूळ कामात दहा दिवसांचा आहे आणि अजून सुरू झालेला नाही, तो काढून त्याजागी शाखांचं काम, जादा पैसे नाहीत. किंवा सध्या काहीच नाही, मूळ काम पूर्ण झाल्यावर दुसऱ्या टप्प्यात बघू.

अदलाबदल करताना एक गोष्ट सांभाळा. काढला जाणारा भाग न सुरू झालेलाच हवा. गुणांच्या भागाचं चार दिवसांचं काम आधीच झालं असेल, तर तो काढून सहाच दिवस सुटतात, दहा नाही.

समजा, सरांनी छोटा बदल निवडला. मग फॉर्म असा भरला जाईल:

> बदलाची मागणी क्र. CR-07
> मागणी: शाखेनुसार रोजची वसुली दिसावी
> कशासाठी: दोन्ही शाखांची जमा रोज रात्री सरांना कळण्यासाठी
> काय करणार: बॅचच्या नावात शाखा, बॅचनुसार वसुलीचा एक रिपोर्ट
> यात नाही: वेगळे पावती क्रमांक, शाखेनुसार लॉगिनचे अधिकार
> काम: २ दिवस रक्कम: ४,००० रुपये
> अंतिम तारीख: २ कामाचे दिवस पुढे
> एकूण रक्कम आता: १,८४,००० रुपये
> अंदाज लागू: ७ दिवस
> निर्णय: मंजूर / नामंजूर / नंतर सही व तारीख:

सही किंवा ईमेल आल्यावर बेसलाइनची आवृत्ती १.१ होते. नवी एकूण रक्कम आणि नवी तारीख दरवेळी लिहायचीच. नाहीतर सात बदल मंजूर करूनही शेवटी सर विचारतात, ‘बारा आठवडे म्हणाला होतात ना?’

आणि मंजुरी येईपर्यंत कोडला हात लावायचा नाही. ‘सर हो म्हणणारच आहेत’ असं धरून आधीच करून टाकलं, तर सरांच्या हातात तयार वस्तू असते आणि तुमच्या हातात फक्त बिल. त्यावर मग घासाघीस होते, आणि तीत बहुतेक वेळा तुम्हीच हरता.

पाणी कुठे गळतं

पद्धत बसवली म्हणजे ती चालते, असं नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर विमानतळाची सामान वाहून नेणारी स्वयंचलित यंत्रणा हे याचं गाजलेलं उदाहरण. आराखडा कधी गोठवायचा याच्या तारखा ठरल्या होत्या. तरी विमान कंपन्यांच्या मागण्या येत राहिल्या आणि त्या घेतल्या गेल्या. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायचा विमानतळ १९९५ च्या फेब्रुवारीत उघडला, आणि या उशिरात त्या यंत्रणेचा मोठा वाटा होता. उशिराची कारणं इतरही होती. पण तारखा कागदावर असणं आणि त्या पाळणं या दोन गोष्टी वेगळ्या, हे त्यातून दिसतं.

तुमच्या कामात गळती आहे का, हे कसं ओळखाल? सहावा आठवडा आला, रजिस्टरमध्ये जेमतेम दोन नोंदी आहेत आणि तरी वेळापत्रक एक आठवडा मागे पडलंय. याचा अर्थ बहुधा हाच, की मागण्या मागच्या दाराने येतायत. किंवा मूळ अंदाजच चुकलाय. दोन्हींतला फरक कळण्यासाठी एक सवय लावा. कोड जमा करताना प्रत्येक वेळी तो कोणत्या कामासाठी आहे त्याचा क्रमांक लिहायचा:

```
git commit -m "CR-07: add batch-wise collection report"
git log --oneline --grep="CR-07"
```

दुसऱ्या ओळीने त्या बदलासाठी केलेलं सगळं काम एकत्र दिसतं. मूळ कामालाही असेच क्रमांक द्या. आठवड्याच्या शेवटी बिनक्रमांकाचं काम शोधा. गळती तिथे सापडते. सगळ्यावर क्रमांक आहेत आणि तरी उशीर होतोय, तर अंदाज चुकलाय. तो भार तुम्हालाच उचलावा लागेल, कारण रक्कम ठरवून काम घेताना ती जोखीम तुम्हीच घेतलेली असते.

बिनक्रमांकाच्या यादीत एक गंमत हमखास सापडते. सरांनी न मागितलेलं कामही त्यात असतं. कोणीतरी हौसेने ‘डार्क मोड’ टाकलेला असतो, कोणी डॅशबोर्डला फिरणारे ग्राफ लावलेले असतात. ही हद्दही सरकलीच, फक्त आतून. तीन दिवस गेले, आणि त्यात दोष निघाला तर दुरुस्तीही आपल्याच गळ्यात. म्हणून टीममधल्यांच्या कल्पनांनाही तोच फॉर्म.

शेवटचा हप्ता

या सगळ्याचा कस लागतो तो शेवटच्या हप्त्याला. पैसे टप्प्याटप्प्याने ठरलेले असतात. समजा शेवटचे १५ टक्के, म्हणजे मूळ रकमेतले २७,००० रुपये, काम पसंत पडल्यावर. ‘सगळं छान झालंय, फक्त ते एक राहिलंय बघा,’ असं म्हणत हा हप्ता महिनोन्‌महिने लटकतो. ते एक झालं, की दुसरं निघतं.

यासाठी करारात दोन ओळी हव्यात. पहिली, ‘पसंती म्हणजे बेसलाइनच्या चालू आवृत्तीतली यादी एकेक करून तपासणं, तपासणीसाठी दहा कामाचे दिवस.’ दुसरी, ‘निर्णय न झालेली बदलाची मागणी मूळ कामाची पसंती किंवा हप्ता अडवणार नाही.’ मग शेवटच्या बैठकीत आवृत्ती १.१ ची यादी समोर ठेवायची आणि एकेका ओळीवर खूण करत जायचं. यादीतलं काही चालत नसेल तर तो दोष, तो आधी दुरुस्त करा आणि मगच पैसे मागा. यादीत नसलेलं काही निघालं, तर तिथेच रजिस्टर उघडून नोंद करा: ‘सर, हे CR-12. दुसऱ्या टप्प्यात घेऊ या?’

एक मर्यादा मात्र ओळखून असा. क्लास कसा चालवायचा हेच अजून ठरलं नसेल, फीची रचना दर आठवड्याला बदलत असेल, तर दर दोन दिवसांनी एक फॉर्म भरून दोघंही वैतागतील. पहिल्या तीन आठवड्यांतच मंजूर बदलांचं काम मूळ कामाच्या चौथ्या हिश्शावर गेलं, म्हणजे ९० दिवसांच्या कामात २२-२३ दिवसांचे बदल झाले, तर फॉर्म बाजूला ठेवा आणि समोरासमोर बसा. उरलेलं काम महिन्याच्या दराने करायचं, की फक्त पक्का भाग ठरलेल्या रकमेत ठेवून बाकीचं वेगळं काढायचं, ते ठरवा. ठरलेली रक्कम ठरलेल्या कामालाच शोभते.

उद्याच कोणाला काम करून देणार असाल, तर कोडचा एडिटर उघडण्याआधी तीन गोष्टी तयार ठेवा: ‘यात काय नाही’ ही यादी, बदलाचा दर आणि एक कोरं रजिस्टर. पहिली ‘एवढंच तर’ आली, की ती लहान असली तरी तिथे लिहा आणि समोरच्याला दाखवा. पहिलीच मागणी नोंदवली गेली, तर दहाव्या मागणीच्या वेळी काही समजवावं लागत नाही. सरच विचारतात, ‘याचा नंबर कितवा पडला रे?’